सेझमधल्या ग्राहकाला टॅक्स न लावता बिल: आधी कोणतं सर्टिफिकेट मागायचं आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि उद्यमनगरातल्या फाउंड्री व मशीनशॉपमध्ये बिलं करणाऱ्यांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "पार्टी म्हणते आम्ही सेझमध्ये आहोत, जीएसटी लावू नका. मग शून्य टॅक्सने बिल काढू का?" त्याभोवतीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नोंदणीकृत पुरवठादारासाठी आहेत आणि भर मालाच्या विक्रीवर आहे. जॉबवर्क आणि सेवांसाठी प्रश्न 10 पाहा.

1. सेझच्या ग्राहकाला टॅक्स लागत नाही, हे खरं आहे का?

खरं आहे, पण तीन अटींवर. आयजीएसटी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे सेझ युनिटला किंवा सेझ डेव्हलपरला केलेला पुरवठा शून्य दराचा धरला जातो. पहिली अट, माल घेणारा खरोखर सेझ युनिट किंवा डेव्हलपर हवा. दुसरी, माल त्याला मंजूर झालेल्या कामासाठीच हवा. ही अट 1 ऑक्टोबर 2023 पासून कायद्यातच स्पष्ट लिहिलेली आहे. तिसरी अट तुमच्याकडची: टॅक्स न भरता माल पाठवायचा तर तुमचं त्या वर्षाचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, पोर्टलवर दाखल असायला हवं.

पहिल्या दोन अटी पुऱ्या होतात की नाही हे ग्राहकाच्या कागदांवरूनच कळतं. सर्टिफिकेट आधी मागायचं ते त्यासाठी.

2. टॅक्स माफ ग्राहकाला आहे. मग कागद आम्ही का सांभाळायचे?

कारण टॅक्स भरण्याची जबाबदारी बिल काढणाऱ्याची असते. शून्य टॅक्सचं बिल काढलं की "हा पुरवठा शून्य दराचा आहे" हा दावा तुमचा होतो आणि तो तुम्हालाच सिद्ध करावा लागतो. अधिकारी विचारणा करतात ती तुमच्या जीएसटीआर-1 वरून. त्या वेळी "पार्टीने फोनवर सांगितलं होतं" या उत्तराला काही किंमत नसते.

दुसरं कारण पैशाचं आहे. पिग आयर्न, स्क्रॅप, रेझिन, वीजकामाचं सामान यांवर तुम्ही टॅक्स भरलेला असतो आणि त्याचं क्रेडिट साठलेलं असतं. शून्य टॅक्सने माल विकला की ते क्रेडिट परताव्यातून मागता येतं, पण माल सेझमध्ये पूर्ण दाखल झाल्याचा झोनच्या अधिकाऱ्याचा शेरा असेल तरच. कागद नसेल तर एका बाजूने टॅक्सची मागणी येते आणि दुसऱ्या बाजूने परतावा अडतो.

3. नेमकं कोणतं सर्टिफिकेट मागायचं?

मुख्य कागद म्हणजे लेटर ऑफ अप्रूव्हल. बोलताना सगळे त्याला एलओए म्हणतात. तो सेझच्या विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळतो. त्याच्यासोबत सेझमधल्या जागेच्या जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र मागायचं. सेझ युनिटला त्या जागेसाठी वेगळी नोंदणी घ्यावीच लागते, त्यामुळे हे प्रमाणपत्र नसेल तर तिथेच थांबा.

एलओए हातात आल्यावर चार गोष्टी वाचा. कंपनीचं नाव ऑर्डरवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का? पत्ता सेझमधल्याच प्लॉटचा आहे का? मंजूर काम कोणतं लिहिलं आहे? आणि मुदत कधीपर्यंत आहे? मुदतीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. एलओए उत्पादन सुरू झाल्यापासून 5 वर्षं चालतो आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. त्यामुळे 2016 चं पत्र आलं तर ते खोटं आहे असं नाही, पण त्यासोबत नूतनीकरणाचं पत्र आलं नसेल तर ते अर्धंच आहे.

तिसरा कागद छोटा आहे पण कामाचा आहे: ग्राहकाच्या लेटरहेडवर दोन ओळी, की अमुक ऑर्डरमधला माल आमच्या मंजूर कामासाठी आहे आणि या बिलांवर आम्ही इनपुट क्रेडिट घेतलेलं नाही किंवा घेणार नाही. परताव्याच्या अर्जात सेझ पुरवठ्याबद्दल घोषणा द्यावी लागते. हे पत्र आधीच फाइलमध्ये असेल तर ती घोषणा करताना अडायला होत नाही.

4. सर्टिफिकेट खरं आहे हे कसं पडताळायचं?

जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता `Search Taxpayer` उघडा आणि ग्राहकाचा जीएसटीआयएन टाका. `Taxpayer Type` समोर `SEZ Unit` किंवा `SEZ Developer` असं दिसायला हवं. `Regular` दिसलं तर तो नंबर सेझचा नाही, मग एलओए कितीही सुबक असो. नोंदणी `Active` आहे का तेही तिथेच बघा. तारखेसह पान छापून फाइलला लावा, कारण नोंदणी पुढे बदलली तर बिलाच्या दिवशी काय दिसत होतं याचा तोच पुरावा राहतो.

इथे डोळे फसतात कसे ते नीट बघा. जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27. पुढची दहा अक्षरं पॅनची. एकाच कंपनीचा एक कारखाना सेझमध्ये आणि दुसरा बाहेर, दोन्ही महाराष्ट्रात असतील तर ही बाराही अक्षरं सारखीच असतात. फरक पडतो तो तेराव्या जागी, जिथे त्या राज्यातल्या नोंदणीचा क्रमांक असतो, आणि अगदी शेवटच्या तपासणी अक्षरात. टॅलीत जुनी पार्टी निवडताना हे दोन नंबर वरखाली दिसतात आणि घाईत चुकीच्या ओळीवर क्लिक होतं. दोन्ही लेजरच्या नावातच "सेझ" आणि "बाहेरचा कारखाना" असं लिहून ठेवा.

5. मागायचं कधी आणि कसं? मोठी पार्टी आहे, नाराज होईल असं वाटतं.

ऑर्डर स्वीकारताना मागा. माल टेम्पोत चढल्यावर मागितलं तर ग्राहकाच्या स्टोअरला घाई असते, तुमच्या ड्रायव्हरला घाई असते आणि "बिल काढा, कागद नंतर पाठवतो" यावर तडजोड होते. नंतरचे कागद सहसा येत नाहीत. मागणी खरेदी विभागाकडे करा पण प्रत अकाउंट्सला ठेवा, कारण एलओए बहुतेक वेळा अकाउंट्स किंवा एक्झिम विभागाकडे असतो.

नाराजीची भीती धरू नका. सेझमधल्या कंपनीला हे कागद रोज मागितले जातात. कारण सांगितलं की काम लवकर होतं. मजकूर असा चालेल:

> नमस्कार साहेब,
> आपली ऑर्डर क्र. ____ मिळाली, आभारी आहोत. आपण सेझ युनिट असल्याने बिल आयजीएसटी न लावता एलयूटीखाली करायचं आहे. त्यासाठी बिलाआधी कृपया पुढील कागद पाठवावेत: (1) चालू मुदतीचा एलओए, नूतनीकरण झालं असल्यास ते पत्रही, (2) सेझमधल्या जागेचं जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, (3) हा माल मंजूर कामासाठी असून यावर इनपुट क्रेडिट घेणार नाही असं लेटरहेडवरील पत्र.
> हे कागद आमच्याकडे नसतील तर पुरवठा शून्य दराचा आहे हे आम्हाला दाखवता येत नाही आणि टॅक्स व व्याजाची मागणी आमच्यावर येते. कागद डिस्पॅचपर्यंत न आल्यास बिल टॅक्ससह निघेल. माल झोनमध्ये दाखल झाल्यावर अधिकाऱ्यांच्या शेऱ्याची प्रतही पाठवावी, ही विनंती.

"न आल्यास बिल टॅक्ससह निघेल" हे वाक्य गाळू नका. कागद वेळेत येतात ते बहुधा त्याच्यामुळेच.

6. एलओए गोपनीय आहे, देता येणार नाही असं ग्राहक म्हणतो. मग?

त्यातले गुंतवणुकीचे, निर्यातीच्या अंदाजाचे आणि कामगारसंख्येचे आकडे झाकून द्यायला सांगा. तुम्हाला ते नकोच आहेत. नाव, पत्ता, मंजूर काम, तारीख आणि मुदत दिसली की पुरे. तेवढंही द्यायला नकार असेल तर टॅक्स लावून बिल करा (प्रश्न 9).

7. दर बिलाला नवीन सर्टिफिकेट मागायचं का?

नाही. एलओए आणि नोंदणी प्रमाणपत्र एकदा घेतलं की मुदत संपेपर्यंत चालतं. फक्त ग्राहकाच्या लेजरमध्ये एलओएची शेवटची तारीख लिहून ठेवा. तिसरं पत्र मात्र ऑर्डरगणिक घ्या, कारण मंजूर काम ही गोष्ट मालावर ठरते. पोर्टलवरची पडताळणी तर एका मिनिटाची आहे, ती प्रत्येक बिलाच्या दिवशी केलेली बरी.

8. कागद आले. आता बिलावर काय लिहायचं आणि कुठे काय भरायचं?

आधी स्वतःचं एलयूटी बघा. ते पोर्टलवर `RFD-11` मध्ये भरतात आणि ते 31 मार्चला संपतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली बिलं जुन्या एलयूटीच्या क्रमांकावर निघणं ही नेहमीची चूक आहे. बिलावर चालू वर्षाचा एआरएन छापा आणि नियम 46 मधला हा शेरा जसाच्या तसा घ्या:

```
SUPPLY MEANT FOR EXPORT/SUPPLY TO SEZ UNIT OR SEZ DEVELOPER
FOR AUTHORISED OPERATIONS UNDER BOND OR LETTER OF UNDERTAKING
WITHOUT PAYMENT OF INTEGRATED TAX
```

ग्राहक पुण्यातला असला तरी सेझचा पुरवठा कायद्याने आंतरराज्य धरला जातो. त्यामुळे बिलात सीजीएसटी-एसजीएसटीचे रकाने नकोत, आयजीएसटी शून्य दाखवायचा. तुमची उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस लागतं आणि त्यात पुरवठ्याचा प्रकार `SEZWOP` निवडायचा. साध्या `B2B` मध्ये दर शून्य टाकून पुढे गेलात तर ते बिल जीएसटीआर-1 च्या तक्ता 6B मध्ये जात नाही आणि परताव्याच्या वेळी सापडत नाही. 3B मध्ये ही विक्री 3.1(b) ला येते. 3.1(c) हा करमुक्त मालाचा रकाना आहे, तिथे टाकू नका.

9. कागद वेळेत आले नाहीत आणि माल तर पाठवायचाच आहे. काय करू?

आयजीएसटी लावून बिल करा. नोंदणी सेझचीच असल्याची पोर्टलवर खात्री झाली असेल तर प्रकार `SEZWP`, म्हणजे टॅक्स भरून केलेला सेझ पुरवठा, निवडता येतो. मग माल दाखल झाल्याचा शेरा आला की भरलेल्या आयजीएसटीचा परतावा तुम्ही मागू शकता. यात तुमची रोकड काही महिने अडकते, म्हणून टॅक्सची रक्कम कोणी उचलायची हे ऑर्डरवर लिहून घ्या. नोंदणीच `Regular` असेल तर हा मार्गही नाही. तेव्हा नेहमीचं टॅक्ससह बिल करायचं.

10. आम्ही फक्त जॉबवर्क करतो. आम्हालाही हेच लागू आहे का?

हो. मशीनिंगची मजुरी ही सेवा आहे आणि सेझ युनिटला मंजूर कामासाठी दिलेली सेवाही शून्य दराची असते. प्रश्न 3 मधले तिन्ही कागद घ्या आणि शिवाय माल झोनबाहेर कामाला पाठवण्याची ग्राहकाला मिळालेली सब-कॉन्ट्रॅक्टची परवानगी मागा. सेवेच्या बाबतीत माल दाखल होण्याचा प्रश्न नसला तरी सेवा मिळाल्याचा शेरा लागतोच.

11. बिल सेझच्या नावाने, पण माल दुसऱ्या कारखान्यात उतरवायला सांगितला आहे. चालेल का?

नाही. सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून एक नमुना आकड्यांसह सोडवून दाखवतो.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीला पंप हाउसिंगच्या 80 कास्टिंगची ऑर्डर आली असं धरा. दर 5,000 रुपये, किंमत 4,00,000. ग्राहकाचा एक कारखाना पुण्याजवळच्या सेझमध्ये आणि दुसरा चाकणला, झोनबाहेर. ऑर्डरच्या डोक्यावर सेझचा जीएसटीआयएन, डिलिव्हरीचा पत्ता चाकण. एलओए फाइलला होता, पोर्टलवर `SEZ Unit` दिसत होतं, म्हणून मे 2025 मध्ये शून्य टॅक्सचं बिल निघालं. टेम्पो चाकणला रिकामा झाला.

माल झोनच्या गेटमधून गेलाच नाही, त्यामुळे दाखल झाल्याचा शेरा मिळणं शक्य नाही. मंजूर काम चालतं ती जागाही चाकण नव्हे. हा खरं तर चाकणच्या कारखान्याला केलेला साधा पुरवठा झाला: 18 टक्क्यांनी सीजीएसटी 36,000 आणि एसजीएसटी 36,000, एकूण 72,000 रुपये. मेचा टॅक्स 20 जूनपर्यंत भरायचा होता. ही गोष्ट परताव्याच्या तपासणीत उघडकीला येऊन 20 एप्रिल 2026 ला टॅक्स भरला, तर 10 महिन्यांचं 18 टक्क्यांनी व्याज साधारण 10,800 रुपये होतं. दंड टॅक्सच्या 10 टक्के किंवा 10,000 यांपैकी जी रक्कम मोठी ती, म्हणजे इथे 10,000. फसवणुकीचा हेतू नसेल आणि नोटीस आल्यापासून 60 दिवसांत टॅक्स व व्याज भरलं तर हा दंड टळतो. त्या बिलापुरता क्रेडिटचा परतावाही जातो.

ग्राहकाकडून 72,000 नंतर वसूल करता येतील, असं गृहीत धरू नका. त्याच्या दृष्टीने ऑर्डर बंद झालेली असते. एलओए खरा होता आणि नोंदणीही खरी होती, तरी बिल चुकलं. म्हणून सर्टिफिकेट पाहताना त्यातला पत्ता ई-वे बिलातल्या डिलिव्हरीच्या पत्त्याशी ताडून बघायचा. दोन्ही एक नसतील तर बिल थांबवा आणि माल जिथे उतरणार त्या कारखान्याच्या नंबरवर सुधारित ऑर्डर मागा.

12. माल पोहोचला. आता सर्टिफिकेटचं काम संपलं का?

अर्धं संपलं. एलओए सांगतो की ग्राहक पात्र आहे. तुमचा हा माल झोनमध्ये गेला हे सांगतो तो झोनच्या अधिकाऱ्याचा शेरा. सेझ नियमांत शेरा मारलेली प्रत पुढे पाठवायला 45 दिवसांची मुदत आहे. बिलापासून 30 दिवसांनी ग्राहकाला आठवणीचा मेल गेला की उरलेले दिवस हाताशी राहतात. शेऱ्यावर तुमचा बिल क्रमांक, तारीख आणि नग तपासा. "माल पूर्ण दाखल" असा शेरा लागतो. 80 पाठवले आणि शेरा 75 चा आला तर उरलेले 5 कुठे गेले याचा उलगडा त्याच आठवड्यात करून घ्या. गेटवरूनच परत आले असतील तर तेवढ्याची क्रेडिट नोट काढा.

परताव्याचा अर्ज करायला 2 वर्षं मिळतात. सेझ पुरवठ्यात ही मुदत त्या महिन्याचं रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून मोजतात.

13. सेझ कंपनीने दिवाळीच्या भेटवस्तूंची ऑर्डर दिली आहे. एलओए आहे, टॅक्स माफ?

एलओए म्हणजे त्या कंपनीच्या प्रत्येक खरेदीला सूट नव्हे. कर्मचाऱ्यांना वाटायच्या भेटवस्तू पंप बनवण्याच्या कामासाठी आहेत असं म्हणता येत नाही. ग्राहक मंजूर कामाचं पत्र देऊन दाखल झाल्याचा शेरा आणून देणार नसेल तर टॅक्स लावा. कोल्हापुरातून चपला, साड्या किंवा खाद्यपदार्थांचे बॉक्स पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

14. ट्रस्टने 80G चं सर्टिफिकेट पाठवून टॅक्स लावू नका म्हटलं आहे.

12A आणि 80G हे आयकराचे कागद आहेत. संस्थेच्या उत्पन्नाला आणि देणगीदाराला त्यांचा उपयोग होतो. त्यांच्या जोरावर जीएसटी माफ होत नाही, पूर्ण टॅक्स लावा. संशोधन संस्थांना पूर्वी ठरावीक उपकरणांवर सर्टिफिकेट दाखवून 5 टक्के जीएसटी लागायचा. ती सवलत 18 जुलै 2022 पासून बंद झाली आहे. महाविद्यालयांकडून तो जुना नमुना अजूनही येतो, तो स्वीकारू नका.

15. एलयूटी भरायचं राहून गेलं आणि सेझची बिलं निघून गेली. आता?

आजच `RFD-11` भरा. आधीच्या बिलांसाठी उशीर माफ होऊ शकतो. सीबीआयसीच्या 2019 च्या परिपत्रक 125 मध्ये, पुरवठा खरा असेल तर एलयूटी मागील तारखेपासून मान्य करता येईल असं म्हटलं आहे. पण हा निर्णय अधिकाऱ्याचा असतो आणि तिथे ग्राहकाचा एलओए व शेऱ्याची प्रत दाखवावी लागते.

16. हे सगळे कागद किती वर्षं ठेवायचे?

त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. बिल, एलओए, पोर्टलचं छापलेलं पान, ग्राहकाचं पत्र, ई-वे बिल आणि शेरा हे सगळं बिल क्रमांकाने एकाच फोल्डरमध्ये ठेवा. ग्राहकानुसार ठेवलं तर शेरा कोणत्या बिलाचा राहिला आहे ते दिसत नाही.